रेघेचं टिंब

गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, गणपतीची वर्गणी कुणाकडे द्यायची, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गेल्या, बारावीत कुणाला किती टक्के पडले, सगळं त्याच्यावर. हा फळा वर्षानुवर्षं माझ्या बाबाच्या ताब्यात होता. कुणी नेमलं वगैरे नव्हतं. अक्षर चांगलं, एवढंच क्वालिफिकेशन.

बाबा गिरगावातल्याच एका शाळेत संगीत शिकवायचा. १९८२ ते २०१५, म्हणजे तेहतीस वर्षं. रिटायर झाल्यावर घरीच क्लास सुरू केला. दहा बाय बाराच्या खोलीत एक हार्मोनियम, एक तानपुरा, पाच-सहा पोरं आणि ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजणारी आई. त्याच्या अक्षराचं कौतुक आमच्या घरात त्याच्या गाण्यापेक्षा जास्त व्हायचं. अक्षरं टपोरी, आणि शब्द लिहून झाला की वरची रेघ एका दमात, पट्टीने मारल्यासारखी. लहानपणी मी ते अक्षर गिरवायची आणि रडायची.

२०१७च्या गणपतीत बाबाने फळ्यावर आरतीच्या वेळा लिहिल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘सर, खडू महाग झाला काय हो?’ सगळे हसले. मीही हसले. ओळ डावीकडे नेहमीसारखी सुरू झाली होती, पण उजवीकडे जाता जाता अक्षरं बारीक बारीक होत गेली होती. ‘महाप्रसाद’ तर इतका छोटा की वाटावं, दोनच माणसांचा स्वयंपाक केलाय.

मी तेव्हा बीएमएमच्या दुसऱ्या वर्षाला होते. ‘ऑब्झर्व्हेशन इज जर्नलिझम’ असं आम्हाला रोज शिकवलं जायचं. आणि रोज त्याच फळ्यासमोरून मी कॉलेजला जायची.

सगळ्याला कारण होतं

त्यानंतरचं दीड वर्ष आठवलं की मला आमचीच गंमत वाटते. कारण आम्हाला सगळं दिसत होतं आणि प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक कारण तयार होतं.

वाणसामानाची यादी वाण्याला वाचता येईना, तर चष्म्याचा नंबर वाढलाय. उजवा खांदा धरलाय, तर फ्रोझन शोल्डर. जवळच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, मग दोन महिने शेक आणि व्यायाम झाले. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, तर आता कुठे शाळा गाठायचीय! गॅसवर दूध करपलं आणि शेजारीच बसलेल्या बाबाला वास आला नाही, तर त्याचं डोकं कायम सुरांत. आवाज खाली गेला, तर वय झालं. आईचं म्हणणं, ‘अहो, जरा मोठ्याने बोला ना.’ त्यावर बाबाचं म्हणणं, ‘मोठ्यानेच बोलतोय, तुझे कान तपासून घे.’

हात मात्र थरथरत नव्हता. पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं, एवढंच आम्हाला माहीत. तो थरथरत नाही म्हटल्यावर त्या दिशेने विचार करायचं काही कारणच नव्हतं.

२०१८च्या पावसाळ्यात बँकेतून चेक परत आला. सही जुळत नाही. मी बाबाबरोबर गेले. काउंटरवरच्या बाईंनी कागद पुढे केला, ‘काका, तीनदा सही करा.’ बाबाने केली. पहिली बऱ्यापैकी, दुसरी तिच्या पाऊणपट, तिसरी म्हणजे एक गाठ मारलेला दोरा. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘घाई करतो तो.’ आता विचार करते तर घाई करण्याजोगं तिथे काय होतं? बाहेर पाऊस होता आणि आम्ही दोघंही रिकामटेकडे होतो.

भैरवमधला धैवत

मला खरं ‘दिसलं’ ते त्या वर्षीच्या डिसेंबरात, आणि तेही एका सोळा वर्षांच्या मुलीमुळे. ती लालबागहून यायची. परीक्षेला भैरव होता. बाबाने तिला वहीत आलाप लिहून दिले होते, ते ती घरी बसवून आली होती.

इथे थोडं स्वरलिपीचं सांगायला हवं. आपल्याकडे क्लासमध्ये जी लिहिण्याची पद्धत सर्रास चालते ती पं. विष्णू नारायण भातखंडे यांची. हे गृहस्थ आपल्या मुंबईतलेच, १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेले, शिक्षणाने वकील. त्यांची पद्धत फार सोपी आहे. स्वराच्या खाली आडवी रेघ मारली की तो कोमल. स्वराच्या खाली टिंब दिलं की तो मंद्र सप्तकातला, म्हणजे खालच्या पट्टीतला. वर टिंब दिलं की तार सप्तकातला. खाली काहीच नसेल तर साधा, शुद्ध, मधल्या सप्तकातला स्वर. बस्स. सगळा राग या एवढ्याशा खुणांवर उभा असतो.

भैरवात रिषभ आणि धैवत दोन्ही कोमल. त्यामुळे बाबाच्या वहीत प्रत्येक ‘रे’ आणि ‘ध’च्या खाली रेघ हवी. मुलगी गायला लागली. गंधार, मध्यम, आणि तिसऱ्या स्वराला ती धाडकन खाली गेली. मंद्र सप्तकात. वर पुन्हा पंचमावर उडी. जिना उतरताना मधली पायरीच नसावी तसं ऐकू आलं. बाबाने हार्मोनियम थांबवली.

‘हा धैवत कुठून आणलास?’

‘सर, तुम्हीच लिहिलाय. खाली टिंब आहे.’

तिने वही पुढे केली. बाबाने चष्मा वर करून बघितलं, मग चष्मा लावून बघितलं, मग वही मला दिली. ‘ध’च्या खाली टिंब होतं. टिंब नव्हतं खरं तर. ती रेघ होती. बाबाने रेघच मारली होती. पण ती जेमतेम मिलिमीटरभर लांब झाली होती.

मुलीचं काही चुकलं नव्हतं. उलट तिने सरांनी लिहिलंय म्हणून तो विचित्र धैवत इमानेइतबारे आठवडाभर घासला होता. पहिल्या ओळीतल्या खुणा बरोबर होत्या. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळ्या कोमल स्वरांचे मंद्र स्वर झाले होते.

त्या रात्री बाबा झोपल्यावर मी माळ्यावरून त्याच्या जुन्या वह्या काढल्या. आईला वाटलं, रद्दी काढतेय. १९९८, २००९, २०१४, २०१६, २०१८ अशा पाच वह्या फरशीवर ओळीने उघडून ठेवल्या आणि माझ्या कंपासमधली पट्टी घेऊन बसले. वहीच्या दोन रेघांमधलं अंतर आठ मिलिमीटर. १९९८मध्ये ‘सा’ सहा मिलिमीटरचा, ओळीच्या सुरुवातीलाही आणि शेवटीही. २००९मध्येही तसाच. २०१८मध्ये सुरुवातीचा साडेचार, शेवटचा दोन.

मला हादरवलं ते २०१४च्या वहीने. बाबा तेव्हा सत्तावन्न वर्षांचा, नोकरीत, गॅदरिंगची गाणी बसवणारा, ठणठणीत. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात सगळं नेहमीचं. पण खाली खाली येताना प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर आधीच्यापेक्षा किंचित लहान. नुसत्या डोळ्यांना कळणार नाही इतका, पट्टी लावली तर कळेल इतका. म्हणजे चार वर्षं हे चाललं होतं. बाबाच्या हाताने आम्हाला रोज लिहून कळवलं होतं आणि आम्ही ते वाचत होतो फक्त. अक्षराकडे कुणी बघितलंच नव्हतं.

भाता कमी पडतो

जानेवारी २०१९मध्ये आम्ही परळच्या एका हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्टना भेटलो. मी पाचही वह्या पिशवीतून नेल्या होत्या. मनात धाकधूक, की डॉक्टर म्हणतील, हे काय आणलंत. त्यांनी मात्र आधी वह्याच मागितल्या.

मग तपासणी झाली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर पटापट आपटायला सांगितलं. डावा हात चालला. उजव्या हाताची बोटं पहिल्या तीन-चार वेळा पूर्ण उघडली, मग कमी, मग आणखी कमी, शेवटी नुसती चिकटल्यासारखी. अगदी वहीतल्या ओळीसारखी. मनगट धरून हात हलवला तेव्हा तो दातेरी चाकासारखा अडकत अडकत फिरला. व्हरांड्यात चालायला लावलं. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला लागून तसाच. मी या माणसाबरोबर वीस वर्षं गिरगाव चौपाटीवर फिरलेय, आणि त्याचा एक हात झुलायचा थांबलाय हे मला परळच्या व्हरांड्यात कळलं.

शेवटी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं आणि मधून बाहेर येणारं एक गोल गोल चक्र काढायला. चक्राचे वेढे एकमेकांना चिकटले होते.

‘पार्किन्सन आहे,’ डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, ‘पण हात तर थरथरत नाही?’ त्या म्हणाल्या, सगळ्यांचा सुरुवातीला थरथरत नाही. आणि ज्यांचा लिहिताना, चहाचा कप उचलताना थरथरतो, त्यातल्या कित्येकांना वेगळाच आजार असतो. त्यात अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं, चक्राच्या रेघेला लाटा येतात. पार्किन्सनमध्ये अक्षर लहान आणि दाटीवाटीचं होतं. पार्किन्सनचा कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना दिसतो. रक्ताची अशी कुठली टेस्ट नाही जी करून लगेच कळेल. एमआरआय करतात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान करायचं ते डॉक्टरने बघून, ऐकून, हात धरून.

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. पार्किन्सनमध्ये त्या पेशी हळूहळू मरतात, आणि लक्षणं डोळ्यांत भरेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. सवयीने होणाऱ्या हालचाली, म्हणजे लिहिणं, चालणं, बटण लावणं, या किती मोठ्या करायच्या हे ठरवण्यात या भागाचा वाटा असतो. काय लिहायचं ते मेंदूला नीट ठाऊक असतं. किती मोठं लिहायचं, त्याचं माप चुकतं. आणि माप चुकलंय हेही त्या माणसाला जाणवत नाही.

बाबा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘म्हणजे बोटं बरोबर पट्टीवर पडतायत, पण भाता कमी पडतोय.’

डॉक्टर दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सर, मी पुढच्या पेशंटला असंच सांगणार.’

ज्यांनी हार्मोनियम जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी, उजवा हात पट्ट्यांवर चालतो आणि डावा हात मागचा भाता हलवून हवा भरतो. हवा कमी पडली तर सूर चुकत नाही, पण आवाज विरत जातो. बाबाच्या अक्षराचं, आवाजाचं, पावलांचं, सगळ्याचं हेच होत होतं. आईचे कान ठीक होते.

नंतर वाचताना मला एक जर्मन गृहस्थ भेटले. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट. १८१० साली बर्लिन विद्यापीठ उभं करणारे, मोठेपणी संस्कृत शिकून भगवद्गीतेवर लिहिणारे. त्यांनी शेवटच्या वर्षांतल्या पत्रांमध्ये आपल्या हाताबद्दल लिहून ठेवलंय की अक्षरं मोठी सुरू होतात आणि लहान होत जातात. त्यांना ते म्हातारपण वाटलं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावरचा निबंध १८१७मध्येच छापला होता. हुम्बोल्ट १८३५मध्ये गेले. इतका विद्वान माणूस, स्वतःच्या अक्षराकडे बारकाईने बघणारा, आणि तरी ‘वय झालं’ म्हणाला. हे वाचून माझ्या मनावरचं ओझं जरासं हलकं झालं. जरासंच.

दोन ओळींची डायरी

औषध सुरू झालं लेव्होडोपाचं. हे मेंदूत जाऊन डोपामिन होतं. सुरुवातीला अर्धी अर्धी गोळी, दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी सांगितलं, गोळीने काय फरक पडतो, किती वेळ टिकतो, ते लिहून ठेवा. बाबाला ‘कसं वाटतंय’ विचारलं तर एकच उत्तर, ‘उत्तम.’ मग मी म्हटलं, तू सांगूच नकोस, तू लिही.

रोज सकाळी सातला, गोळीआधी, एक ओळ: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां. आणि तासाभराने तीच ओळ पुन्हा. शेजारी मी पट्टीने पहिल्या ‘सा’ची आणि शेवटच्या ‘सां’ची उंची लिहायची.

पहिल्या महिन्यात काही अर्थच लागेना. काही दिवस दुसरी ओळ मस्त मोठी व्हायची. पहिला ‘सा’ पाच, शेवटचा चार. काही दिवस मात्र दुसरी ओळ पहिल्यासारखीच मुंग्यांची रांग. मला वाटलं औषध लागू पडत नाहीये. मग एका रविवारी आईने वही बघून सहज म्हटलं, ‘अगं, हे तर दुधाचे दिवस.’ म्हणजे? म्हणजे ज्या दिवशी पिशवीचं दूध वेळेवर यायचं त्या दिवशी आई गोळी ग्लासभर दुधाबरोबर द्यायची. दूध उशिरा आलं की पाण्याबरोबर.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. दूध, डाळ, अंडं यांतल्या प्रथिनांचे घटक आणि ही गोळी आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दारातून आत जातात. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर. आईने पिढ्यान्‌पिढ्यांच्या ‘औषध दुधातून’ या नियमाला त्या दिवशी रजा दिली, आणि दुसरी ओळ मोठी झाली.

२०२२मध्ये त्याच वहीने आम्हाला आणखी एकदा सावध केलं. चार दिवस दुसरी ओळ चक्क प्रमाणाबाहेर मोठी आणि वेडीवाकडी आली. ‘म’ची दांडी खालच्या ओळीत घुसलेली. बाबाचा खांदा आणि मान आपोआप वळवळत होती. खोदून विचारल्यावर कळलं, दादरच्या आत्याने खाजकुयलीच्या बियांची पूड आणून दिली होती. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय काही नाही,’ म्हणून. अपाय पुडीचा नव्हता, हिशेबाचा होता. खाजकुयलीच्या बियांमध्ये मुळातच लेव्होडोपा असतं. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी १९३७मध्येच ते त्यातून वेगळं काढलंय. म्हणजे बाबा दोन ठिकाणांहून एकच औषध घेत होता. डॉक्टर आत्यावर चिडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की काय घेताय ते मला माहीत पाहिजे, पुडीत किती औषध आहे ते मला मोजता येत नाही.

दुरेघी

गोळीने सगळं परत येत नाही. हे आम्हाला उशिरा आणि थोडं रडून कळलं. गोळी आजार थांबवत नाही, फक्त भात्यात काही तास हवा भरते. पहिल्या वर्षी ते तास लांब होते. आता गोळीचा असर उतरलेला बाबाला आधी अक्षरात कळतो, मग पायांत.

‘मोठं लिही’ म्हटलं की तो मोठं लिहितो. खरंच लिहितो. चार-पाच शब्द. लक्ष दुसरीकडे गेलं की पुन्हा लहान. मग त्यानेच एक दिवस खालच्या स्टेशनरीवाल्याकडून दुरेघी वही आणली. पहिली-दुसरीतल्या पोरांची, शुद्धलेखनाची. वरच्या रेघेला शिरोरेषा टेकवायची, खालच्या रेघेला अक्षराचा पाय. त्या दोन रेघांमध्ये अक्षर बरंच मोठं राहतं. डॉक्टर म्हणाल्या, आतलं माप बिघडलं की बाहेरचं माप उपयोगी पडतं. डोळ्यांसमोर रेघ असली की मेंदू थोडा वेगळा रस्ता धरतो.

पायांचंही तसंच. आता कधी कधी खोलीच्या उंबऱ्याशी त्याचे पाय जमिनीला चिकटतात. सपाट दोन पावलं जमत नाहीत. पण तोच माणूस आमच्या चाळीचा तीन मजल्यांचा लाकडी जिना कठडा धरून चढतो. आधी आम्हाला वाटलं नाटक करतोय. नाटक नाही, पायऱ्या म्हणजे जमिनीवर आखलेली दुरेघीच. उंबऱ्याशी अडकला की तो मांडीवर तीनतालाचा ठेका धरतो, समेवर पाऊल उचलतो आणि येतो बाहेर. मुंबईत २००१पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था पेशंट आणि घरच्यांसाठी काम करते. तिथल्या लोकांना हे नवं नव्हतं. कुणी टाळी वाजवतो, कुणी एक-दोन-एक-दोन म्हणतो, कुणी फरशीवर पट्ट्या चिकटवतो.

क्लासमध्ये आता तो लिहून देत नाही. मुलं त्याच्या तोंडून ऐकून स्वतः लिहितात, आणि तो वही हातात घेऊन फक्त खालच्या रेघा आणि टिंबं तपासतो. लालबागची ती मुलगी सध्या स्वतः शिकवते. कोमल स्वराची रेघ ती इतकी लांब मारते की शेजारच्या स्वराला लागते.

मला हल्ली ऑफिसातली मित्रमंडळी विचारतात, माझ्या बाबांचा हात थरथरतो, काळजी करू का? मी डॉक्टर नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे जा म्हणते. पण सोबत एक जुनं पत्र, जुना चेक, जुनी वही घेऊन जा म्हणते. आपण सगळे फोनवर टाइप करतो. टाइप केलेलं अक्षर कुणाचंच लहान होत नाही. आईबाबांनी हाताने शेवटचं काय लिहिलं, ते आठवतंय? मिळालं तर पहिला शब्द बघू नका. ओळीचा शेवटचा शब्द बघा.

गेल्या गणपतीत फळा लिहायला चाळीतल्या पोरांनी मला बोलावलं. मी खडू घेऊन खाली गेले तर बाबा कठडा धरून मागून उतरत आलेला. सकाळची गोळी घेऊन तास झाला होता, हे त्याने हिशेब करून ठेवलेलं. म्हणाला, ‘तू फक्त रेघा आख.’ मी पट्टी लावून दोन-दोन रेघा आखल्या. त्याने लिहायला घेतलं. चार ओळींना वीस मिनिटं लागली. मधे दोनदा थांबला, हात झटकला. खालच्या मजल्यावरचे काका शेजारी उभे होते, खडूचं काही बोलले नाहीत.

‘महाप्रसाद’ शेवटी लहान झालाच. बाबाने लांब जाऊन बघितलं आणि विचारलं, ‘वाचता येतंय ना?’

येतंय, मी म्हटलं.